कुलूप लावलेल्या घरांचा कल: एका विधानसभा मतदारसंघाची पाहणी

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागाला आमच्याच विधानसभा मतदारसंघात मतदारांचा कल तपासायचा आहे. मतदारसंघ मराठवाड्यातला, बहुतेक ग्रामीण. तीस विद्यार्थी आहेत आणि दोन आठवडे हातात आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म फिरवला तर दोन-तीन हजार उत्तरं सहज येतील, घरोघरी गेलो तर हजारसुद्धा कठीण दिसतंय. काय करावं? प्रश्न कसे विचारावेत? आणि आकडे हाती आल्यावर 'अमुक पुढे आहे' असं कधी म्हणता येतं?

उत्तर: घरोघरी जा, आणि हजारसुद्धा पूर्ण होणार नाहीत हे आधीच धरून चाला. सात-साडेसातशे नीट झाले तरी पुष्कळ.

फॉर्मचं आधी मिटवू. तो तुमच्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर जाणार, तिथून शिक्षकांच्या, मग पतसंस्थेच्या, मग गावातल्या तरुण मंडळाच्या. संध्याकाळपर्यंत तो एखाद्या कार्यकर्त्याच्या हाती लागतो आणि 'आपल्या माणसांनी भरा' असं लिहून पुढे सरकतो. हे मी एकदा स्वतः भोगलंय. एका रात्रीत चारशे उत्तरं आली, सगळी एकाच उमेदवाराची, आणि वयाच्या रकान्यात निम्म्यांनी एकच आकडा भरलेला. अशा तीन हजारांवरून तुम्हाला ग्रुपांचं जाळं कळेल, मतदारसंघ कळणार नाही. उत्तरं वाढवून हा दोष जात नाही, कारण प्रत्येक नवं उत्तर त्याच वाटेने येतं. ज्या घरात साधा फोन आहे किंवा जिथल्या फोनला रिचार्ज नाही, ते घर पहिल्या दिवशीही बाहेर असतं आणि दहाव्या दिवशीही.

नावं निवडायची ती मतदार यादीतून. यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय मिळते. एका केंद्राची यादी म्हणजे एक 'भाग'. त्यात अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं. एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात: मूळ यादीच्या मागे पुरवणी जोडलेली असते. नुकतीच अठरा पूर्ण केलेली पोरं बऱ्याचदा त्या पुरवणीत असतात. नमुना फक्त मूळ यादीतून काढलात तर पहिल्यांदा मत देणारा मतदार दारातच गळतो, आणि मग अहवालात तुम्ही 'तरुणांचा कल' लिहीत बसता.

आता निवड. समजा तुमच्याकडे ३,४०,००० मतदार आणि ३४० केंद्रं आहेत. (पुढचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, तुमचे वेगळे असतील.) ४० केंद्रं आणि प्रत्येकी ३० नावं घ्यायची, म्हणजे १,२०० नावं. केंद्रांची यादी आधी भूगोलाप्रमाणे लावा. तालुक्याचं शहर वर, मग एकेक जिल्हा परिषद गट, शेवटी डोंगरपट्ट्यातली गावं आणि तांडे. मग मतदारसंख्येची बेरीज करत खाली या. ३,४०,००० भागिले ४० म्हणजे ८,५०० चा टप्पा. १ ते ८,५०० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ३,२१७ आला. ३,२१७ वा मतदार ज्या केंद्रात पडतो ते पहिलं केंद्र, ११,७१७ वा ज्यात पडतो ते दुसरं, असं शेवटपर्यंत. यात मोठ्या केंद्राला निवडून येण्याची संधी जास्त असते. पण पुढे प्रत्येक केंद्रातून सारखीच ३० नावं घेतल्याने ती संधी समान होते आणि प्रत्येक मतदाराला २८३ मध्ये एक अशी एकसारखी संधी मिळते. यादी भूगोलाने लावलेली असल्यामुळे शहर आणि तांडे आपोआप आपापल्या प्रमाणात येतात.

केंद्राच्या आतही तसंच. १,०८० मतदार असतील तर टप्पा ३६ चा. सुरुवात १७ वर झाली तर १७, ५३, ८९ अशी नावं. यादी घराघराने लावलेली असते, त्यामुळे ३६ चा टप्पा सहसा एका घरातून दोन माणसं उचलत नाही.

मैदानात उतरण्याआधी एक तपासणी करून घ्या, ती फुकट आहे आणि फारसं कुणी करत नाही. निवडणूक झाल्यावर 'फॉर्म २०' निघतो, त्यात प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० घ्या, तुमच्या ४० केंद्रांची बेरीज करा आणि पूर्ण मतदारसंघाच्या निकालाशेजारी ठेवा. अ पक्षाला मतदारसंघात ३९ टक्के आणि तुमच्या ४० केंद्रांत ४१ टक्के असतील, तर चिठ्ठीनेच तुम्हाला दोन टक्के अ कडे झुकवलंय. केंद्रं बदलू नका. पटेपर्यंत चिठ्ठ्या काढायला लागलात तर चिठ्ठीला अर्थ उरत नाही. हे दोन टक्के फक्त वहीत लिहून ठेवा, शेवटी लागतील.

खरी लढाई दारात आहे. विद्यार्थ्याला १७ क्रमांकाचं नाव दिलं, तो गेला, घराला कुलूप. शेजारी पारावर चार माणसं बसलेली. 'दादा, तुम्हीच सांगा ना' म्हणत तो तिथेच फॉर्म भरतो आणि आकडा पूर्ण करतो. त्याचं मन आळशी नसतं, त्याला तुम्ही कोटा दिलेला असतो. म्हणून कोटा देऊच नका. ३० नावं द्या आणि सांगा: बदली माणूस चालणार नाही, तीस पैकी अठरा झाले तरी चालतील. ज्यांची भेट झाली नाही त्या प्रत्येकापुढे कारण लिहायचं: मयत, कायमचे गेले, दुबार नाव, कुलूप, कामाला बाहेरगावी, तीनदा जाऊन भेट नाही, नकार. तीनदा म्हणजे एकाच दुपारी तीनदा नव्हे. एक फेरी सकाळी आठच्या आत, एक संध्याकाळी सातनंतर, एक रविवारी. दुपारी अकरा ते चार या वेळेत गावात म्हातारी माणसं, दुकानदार आणि रिकामे पुढारीच भेटतात.

पारावरच्या माणसांना तुम्ही कमी लेखू नका, पण त्यांच्यात आणि कुलूप लावून गेलेल्यांत फरक आहे, आणि तो फरक मतातही असतो. तुमच्या भागात तो कुठे आहे ते तुम्हाला माहीतच आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं कधी बरोबर, कधी आजीजवळ. पाहणी त्या काळात केलीत तर तांड्यावरची अर्धी दारं बंद असतात. मतदानाच्या दिवशी मात्र त्यांतले बरेच जण गाडी करून परत येतात, किंवा त्यांना आणलं जातं. तुमच्या वहीत नसलेला मतदार यंत्रात असतो.

असं समजा की दोन आठवड्यांनी वही अशी दिसते. १,२०० नावांपैकी १५० मयत, दुबार किंवा कायमचे स्थलांतरित. ते हिशेबाबाहेर. उरले १,०५०. त्यांत मुलाखती ७३५. बाकी ३१५ मध्ये ऊसतोड किंवा इतर कामासाठी बाहेर १२०, तीन फेऱ्यांत भेट नाही १०५, नकार ९०. ही सत्तर टक्क्यांची वही आहे, आणि चांगली आहे.

इथे यादीचा दुसरा फायदा मिळतो. जे भेटले नाहीत त्यांचंही वय आणि लिंग तुमच्याकडे आहे. समजा नमुन्यात बायका ४७ टक्के होत्या, मुलाखतींत ३९ टक्केच आल्या. पाहणी पुरुषांकडे झुकली. मग भार देतात: प्रत्येक बाईचं उत्तर ४७ भागिले ३९, म्हणजे १.२ ने मोजायचं, पुरुषाचं ५३ भागिले ६१, म्हणजे ०.८७ ने. अ पक्षाला पुरुषांत ३८ आणि बायकांत ४६ टक्के पाठिंबा असेल, तर भाराआधी एकूण ४१.१ येतात आणि भारानंतर ४१.८. एवढी मोठी तूट भरली आणि आकडा पाऊण टक्कासुद्धा हलला नाही. भाराची ताकद एवढीच असते. दोन गटांच्या मतांत जेवढा फरक, त्या प्रमाणातच तो आकडा हलवतो.

शिवाय तो ज्या बायकांना १.२ पटीने मोजतो, त्या घरी भेटलेल्या बायका आहेत. कोयत्यावर गेलेली बाई त्यातून परत येत नाही. तिच्यासाठी वेगळा हिशेब करावा लागतो आणि तो अंदाजाचाच असतो. पूर्ण मुलाखतींत अ ला ४२, ब ला ३८, इतरांना ८ आणि 'ठरवलं नाही' १२ आलेत असं धरा. बाहेर गेलेले १२० म्हणजे पात्र नावांपैकी ११ टक्क्यांहून थोडे जास्त. त्यांचा कल इतरांसारखाच असेल तर काहीच बदलत नाही. पण त्यांच्यात अ २५ आणि ब ५० असेल तर? एकूण आकडा अ ४०.१ आणि ब ३९.४ होतो. चार टक्क्यांची आघाडी ०.७ वर येते. हा कल खरा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या आघाडीला एकशेवीस बंद दारं पुसू शकतात, तिच्यावर किती वजन टाकायचं ते कळतं. शक्य असेल तर या १२० मधल्या काहींचे फोन नंबर घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून घ्या आणि रात्री फडावर फोन लावा. वीस जणांशी बोलणं झालं तरी अंदाजाची दिशा कळते.

आता प्रश्नांकडे. शब्द तपासण्याआधी मतदाराला समोर कोण दिसतंय ते तपासा. परवा एका तांड्यावर एक आजी माझ्या हातातल्या फाइलकडे बघत म्हणाल्या, "लाडक्या बहिणीतून नाव तर कमी नाही ना करणार, दादा?" मी सांगितलं की मी सरकारी माणूस नाही. त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला 'सगळं चांगलंय' असं उत्तर दिलं. तो फॉर्म मी ठेवला, पण त्या उत्तरांतून समाधान मोजलं गेलं की भीती, हे मला आजही सांगता येणार नाही. कोरी सरकारी फाइल, गळ्यात लटकवलेलं ओळखपत्र, 'शासनाच्या योजनांबद्दल विचारायचं आहे' ही सुरुवात, या तिन्ही गोष्टींनी उत्तरं सरकारच्या बाजूला सरकतात. वही साधी न्या, महाविद्यालयाचं नाव पहिल्याच वाक्यात सांगा आणि योजनेचं नाव पहिल्या दहा मिनिटांत काढू नका.

दुसरी गोष्ट आडनावाची. तुमच्याकडे माणूस उत्तर देण्याआधी विचारतो, 'आडनाव काय तुमचं?' आरक्षणाचं वातावरण तापल्यापासून तर हा पहिलाच प्रश्न असतो. आडनाव ऐकून उत्तर बेतलं जातं. विद्यार्थी त्याच्या स्वतःच्या गावात पाठवू नका, जोड्या चिठ्ठीने पाडा आणि प्रत्येक फॉर्मवर मुलाखतकाराचा क्रमांक टाका. शेवटी जोडीनिहाय तक्ता काढला की एखादी जोडी सगळीकडे एकाच पक्षाला साठ टक्के आणताना दिसते. तिची केंद्रं फॉर्म २० मध्येही तशीच असतील तर ठीक. नसतील तर त्या जोडीच्या चार-पाच घरी स्वतः जाऊन या.

मताचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. आधी सोयाबीनचा भाव, पीकविमा आणि पाणी यांवर वीस मिनिटं बोलून मग 'मत कुणाला?' विचारलंत, तर माणूस तुम्ही नुकत्याच उकरलेल्या दुखण्यावरून उत्तर देतो. आधी १,५०० रुपये मिळाले का विचारलंत, तर उलट दिशेने. घरी त्याला कुणी ही उजळणी करून देत नाही.

आणि तोंडी विचारू नका. शेजारी दीर उभा असतो, सासू चुलीपाशी असते, नवरा म्हणतो 'तिला काय कळतंय, माझंच लिहा'. लोकनीती-सीएसडीएसचे लोक आपल्या पाहण्यांत नकली मतपत्रिका आणि पेटी वापरत आले आहेत. तेच करा. कागदावर नावं आणि चिन्हं छापा, मतदाराने खूण करून घडी घालून पेटीत टाकायची. मागे फॉर्मचा क्रमांक असतो, नाव नसतं. कुणी क्रमांकाबद्दल विचारलं तर तो कशासाठी आहे ते खरं सांगा.

चिन्हं छापायची ती नुसती शोभेला नव्हेत. २०२३ नंतरच्या महाराष्ट्रात 'शिवसेनेला' किंवा 'राष्ट्रवादीला' हे उत्तर म्हणजे अर्धं उत्तर आहे. धनुष्यबाण की मशाल, घड्याळ की तुतारी, हे कळल्याशिवाय ते मोजताच येत नाही. विद्यार्थी स्वतःच्या समजुतीने रकाना निवडतो आणि ती चूक नंतर कुणालाच सापडत नाही. २०२४ च्या लोकसभेला 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि अपक्षांना मिळालेली पिपाणी यांची गफलत झाली. साताऱ्यात तुतारीवाला उमेदवार सुमारे ३३ हजारांनी हरला, आणि पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला त्याहून जास्त मतं पडली होती. त्यातली सगळी चुकून पडली असं म्हणता येणार नाही. पण तुमच्या पाहणीत कागदावर पिपाणी नसेल, तर ही गफलत तुमच्या नजरेत येणारच नाही. यंत्रावर ज्या क्रमाने आणि ज्या रूपात चिन्हं असतील, तशीच कागदावर हवीत.

मुद्द्यांच्या प्रश्नांत तीनच चुका सांभाळा, बाकीच्या किरकोळ असतात. एक, जोडप्रश्न. 'आमदारांनी रस्ते आणि पाण्याचं काम चांगलं केलं का?' रस्ता झालाय आणि नळ कोरडा आहे, त्याने काय म्हणावं? दोन प्रश्न करा.

दोन, होकाराची सवय. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे अवघड असतं. 'सरकारचं काम समाधानकारक आहे असं वाटतं का?' याला 'हो' म्हणणाऱ्यांतले काही जण 'सरकारचं काम वाईट आहे असं वाटतं का?' यालाही 'हो'च म्हणतील. म्हणून दोन्ही बाजू तुम्हीच बोलून दाखवा: 'काही लोक म्हणतात मागच्या पाच वर्षांत शेतकऱ्याची स्थिती सुधारली, काही म्हणतात बिघडली, काही म्हणतात होती तशीच आहे. तुमचं काय?' मग 'हो' म्हणून सुटता येत नाही, माणसाला एक बाजू उचलावी लागते.

तीन, रंगवलेले शब्द. महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. तिच्याबद्दल तीन तऱ्हांनी विचारता येतं. 'बहिणींना दिलेला आधार तुम्हाला योग्य वाटतो का?', 'निवडणुकीच्या तोंडावर वाटलेले पैसे तुम्हाला योग्य वाटतात का?' आणि 'महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना पुढे चालू ठेवावी की बंद करावी?' पहिल्या दोन प्रश्नांत उत्तर आधीच दिलेलं आहे. तिसराही पूर्ण स्वच्छ नाही, कारण 'बंद करावी' म्हणताना माणसाला शेजारणीचा घास काढल्यासारखं वाटतं. म्हणून मी त्यात किंमत घालतो: 'एवढ्याच पैशात एक तर ही योजना चालू ठेवता येईल किंवा पिकाला भावफरक देता येईल. दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर?' आता उत्तर थोडं विचार करून येतं. अर्थात हा प्रश्न वेगळा झाला. 'योजना लोकांना हवी आहे का' हे तो सांगत नाही, 'कशाच्या बदल्यात हवी आहे' हे सांगतो. अहवालात उत्तराचा टक्का छापाल तेव्हा प्रश्न शब्दशः वर छापा.

शब्दांचा परिणाम मोजायचाच असेल तर निम्म्या फॉर्मांवर एक शब्दरचना आणि निम्म्यांवर दुसरी छापा, आणि चिठ्ठीने वाटा. पण लक्षात ठेवा, प्रत्येक बाजूला साडेतीनशेच्या आसपास माणसं येतील. दोन बाजूंत सात-आठ टक्क्यांहून कमी फरक आला तर त्याला शब्दांचा परिणाम म्हणू नका.

आणि सगळे प्रश्न आधी वीस माणसांवर चालवून बघा. विद्यार्थ्यांना 'पुन्हा सांगा' किंवा 'म्हंजी?' जिथे ऐकू येईल तिथे खूण करायला सांगा. 'राज्य शासनाची एकूण कामगिरी' या शब्दांवर तुम्हाला दहा तरी खुणा मिळतील. 'मुंबईचं सरकार' म्हटलं की कळतं.

शेवटचा प्रश्न तुमचा: पुढे आहे असं कधी म्हणायचं. ७३५ माणसं पूर्ण विखुरलेली असती तर एका पक्षाच्या आकड्याला साधारण साडेतीन टक्के इकडे-तिकडे धरले असते. पण तुमची माणसं ४० ठिकाणी गोळा झालेली आहेत. एका गावातले अठरा जण अठरा स्वतंत्र मतं नसतात. भावकी एक, पुढारी एक, पाण्याचा टँकर एक. ढोबळमानाने नमुना निम्मा झाला असं धरा, म्हणजे सुमारे ३६५ माणसांच्या किमतीचा. मग एका पक्षाच्या आकड्याला पाच टक्के इकडे-तिकडे. आघाडीला मात्र पाच नव्हे, नऊ. कारण एकाचं मत वाढतं तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्याचं कमी होतं, आणि दोन्ही चुका एकाच दिशेला बेरीज होतात. टीव्हीवर ही गोष्ट कुणी सांगत नाही. तुमची ४२-३८ ही आघाडी 'चार, नऊ इकडे-तिकडे' आहे. ब पाचने पुढे असला तरी या पाहणीशी ते विसंगत नाही. दहाच्या वर आघाडी असेल, फॉर्म २० चा तुमचा झुकाव वजा करूनही आणि बंद दारांचा वाईटातला वाईट हिशेब करूनही ती शिल्लक राहत असेल, तर 'पुढे' म्हणा. नाहीतर 'चुरस' लिहा.

'ठरवलं नाही' या १२ टक्क्यांना दोन्ही पक्षांत त्याच प्रमाणात वाटून टाकण्याची चाल आहे. तसं करण्याआधी ते कोण आहेत ते बघा. त्यांत बायका आणि अल्पसंख्याक वस्त्यांतले लोक जास्त असतील, तर बरेच जण ठरवून बसलेले असतात, फक्त तुम्हाला सांगत नसतात. कोऱ्या मतपत्रिकेबरोबर त्याच फॉर्मवरची मुद्द्यांची उत्तरं वाचा. तिथे राग स्पष्ट दिसत असेल तर ती कोरी मतपत्रिका दोन्ही पक्षांत तशी प्रमाणात वाटता येत नाही. 'मतदान करणार का?' याला तर जवळजवळ सगळे हो म्हणतील, आणि २०२४ च्या विधानसभेला राज्यात प्रत्यक्ष मतदान ६६ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याऐवजी 'मागच्या वेळी मतदानाच्या दिवशी कुठे होता?' असं विचारा. खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात.

छोट्या गटांत शिरू नका. 'शहरातल्या तिशीच्या आतल्या बायका' तुमच्या ७३५ मध्ये साठ निघतील, आणि साठांच्या टक्केवारीला तेरा टक्के इकडे-तिकडे असतात, तेही गावगठ्ठ्यांचा हिशेब न धरता. आणि मतांवरून जागा सांगण्याच्या भानगडीत पडू नका. २०२४ च्या लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र ३० आणि १७. पाच महिन्यांनी विधानसभेला चित्र पूर्ण उलटलं. म्हणून अहवालाच्या पहिल्या ओळीत पाहणीच्या तारखा टाका. मतदान चालू असण्याच्या काळात एक्झिट पोल आणि शेवटच्या ४८ तासांत टीव्ही-रेडिओवर कल जाहीर करायला कायद्याने बंदी आहे, तेवढं सांभाळा.

निकाल लागल्यावर काम संपत नाही. नवा फॉर्म २० आला की तुमच्या ४० केंद्रांचा प्रत्यक्ष निकाल काढा आणि तीन आकडे शेजारी ठेवा: तुमची पाहणी, त्या ४० केंद्रांचा निकाल, पूर्ण मतदारसंघाचा निकाल. ४० केंद्रं मतदारसंघाशी जुळली आणि पाहणी मात्र वेगळी निघाली, तर चूक दारात झाली. कुणी भेटलं नाही, कुणी खरं सांगितलं नाही, किंवा शेवटच्या दोन आठवड्यांत मन बदललं. पाहणी त्या ४० केंद्रांशी जुळली आणि मतदारसंघाशी नाही, तर विद्यार्थ्यांनी काम चोख केलं आणि चिठ्ठीने दगा दिला. पहिली चूक निघाली तर केंद्रनिहाय वही उघडा आणि ज्या केंद्रांत फरक सगळ्यात मोठा आहे तिथे कुलपांची संख्या किती होती ते मोजा.